राळे, बाजरी, नाचणी : कोणते धान्य कसे शिजवावे?

‘मिलेट’ या एका नावाखाली आज किराणा दुकानात अनेक धान्ये शेजारीशेजारी मांडलेली दिसतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ही पाकिटे शहरांतल्या घरांतही पोहोचली. त्यातून एक गैरसमज मात्र रुजला : ही सारी धान्ये एकाच जातीची, म्हणून ती एकाच रीतीने शिजवावीत, म्हणजे तांदूळ काढून त्याजागी यातले कोणतेही धान्य कुकरला लावावे. असे करून पाहिलेल्या घरांत पुढे काय होते, हे वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना ठाऊक असते. आजोबा चार घास खातात, उरलेले ताटात कडेला सारतात आणि ‘नको आज, भूक नाही’ म्हणतात. पुष्कळदा भूक असते. घास चावला जात नाही किंवा गिळताना घशात रेंगाळतो, हे सांगणे त्यांना अवघड वाटते. असे आठवडे गेले की वजन उतरू लागते.

म्हणून या लेखात राळे, बाजरी आणि नाचणी या तीनच धान्यांचा विचार करू. त्यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न बाजूला ठेवू. प्रत्येकाला शिजायला किती वेळ लागतो, शिजल्यावर त्याचा पोत कसा होतो आणि वयस्कर माणसाच्या तोंडाला ते कोणत्या रूपात मानवते, एवढेच पाहू. पोत तपासण्यासाठी एक साधी कसोटी आपण लेखभर वापरणार आहोत. शिजलेल्या अन्नाचा चिमूटभर भाग जिभेवर घ्यावा आणि दात न लावता जीभ टाळूवर दाबावी. तेवढ्याने तो चुरडला गेला, तर कवळी असलेल्या किंवा दाढा गेलेल्या माणसाला ते अन्न चालेल. दाणा जिभेखालून निसटला किंवा टोचला, तर ते अजून तयार झालेले नाही.

राळे : दाण्याच्या रूपात

राळ्याचा दाणा लहान, फिकट पिवळा असतो. शेतातून येताना त्यावर कठीण टरफल असते. ते काढले की आतला दाणा पाणी चटकन शोषतो. त्यामुळे तिन्ही धान्यांत भातासारखे शिजवण्यास सर्वांत सोपे राळेच. पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांत भोगीला राळ्याचा भात करतात, तो याच गुणामुळे.

शिजवण्याआधीची पायरी मात्र टाळू नये. राळ्यात बारीक वाळूचे कण असू शकतात आणि दाण्याच्या आकारामुळे ते डोळ्यांना दिसत नाहीत. पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन राळे ढवळावे, पाण्यासह वर आलेले दाणे हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतावेत आणि तळाशी राहिलेली कच टाकून द्यावी. जुन्या बायका याला रोवळणे म्हणत. दोनतीनदा असे केल्यावर कच राहत नाही. कवळीखाली एक खडा आला, तरी हिरडीला जखम होते आणि माणूस पुढे कित्येक दिवस ते धान्य तोंडात घेत नाही.

नंतर राळे अर्धा ते एक तास भिजवावे. एक वाटी राळ्याला दोन वाट्या पाणी घातले, तर झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटांत मोकळा भात होतो. आच बंद केल्यावर तो दहा मिनिटे झाकून ठेवावा. हा भात तरुणांना आवडतो. वृद्धांसाठी मात्र याच एका वाटीला साडेतीन ते चार वाट्या पाणी घालावे आणि पंचवीस मिनिटे शिजवावे. शेवटी पळीने थोडे घोटले की दाणे एकमेकांना धरून राहतात. मोकळ्या दाण्याची अडचण अशी, की तो तोंडात पसरतो, कवळीच्या कडेला शिरतो आणि गिळताना त्याचा एक घास बनत नाही. दाणा शिजला की नाही, हे पाहण्यासाठी तो बोटांत दाबावा. मध्ये पांढरा टणक ठिपका दिसला, तर आत कणी राहिली आहे. तेव्हा आणखी अर्धी वाटी उकळते पाणी घालून पाच मिनिटे शिजू द्यावे. गार पाणी घातल्यास उकळी मोडते आणि दाणा बाहेरून गिच्च, आतून कच्चा राहतो.

राळे उत्तम लागते ते ओलसर पदार्थांबरोबर : पातळ वरण, कढी, ताक किंवा दूध. कोरड्या भाजीबरोबर ते घशाशी अडते. गोडाची आवड असेल, तर मऊ शिजलेल्या राळ्यात दूध आणि थोडा गूळ घालून खीर करता येते. दूध फाटू नये म्हणून गूळ आच बंद केल्यावर घालावा.

बाजरी : पिठाच्या किंवा भरड्याच्या रूपात

बाजरीचा दाणा राळ्याहून मोठा. त्यावरचा कोंडा चिवट, आणि आतला अंकुर दाण्याच्या मानाने मोठा व स्निग्ध असतो. बाजरीची खास चव या स्निग्धतेतून येते, आणि तिचा मुख्य दोषही तिच्यातूनच उद्भवतो. धान्य दळले की अंकुरातली चरबी हवेशी येते आणि पीठ लवकर खवट, कडवट होते. उन्हाळ्यात बाहेर ठेवलेले पीठ आठ-दहा दिवसांतच कडू लागू शकते. म्हणून बाजरी दाण्याच्या रूपात साठवावी आणि आठवडाभर पुरेल एवढीच दळून आणावी. शक्य असल्यास पिठाचा डबा फ्रिजमध्ये ठेवावा. वापरण्यापूर्वी पिठाची चिमूट जिभेवर ठेवून पाहावी. वय वाढले की वास आणि चव मंदावते. त्यामुळे ही परीक्षा घरातल्या तरुण माणसाने केलेली बरी.

पीठ जुने झाल्याची दुसरी खूण हाताला कळते. बाजरीच्या पिठात गव्हासारखी लवचिकता नसते. ताज्या पिठात जी विरी असते, तिच्या बळावरच भाकरी थापली जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना ती तुटते. पीठ कडू नसेल, पण विरी कमी असेल, तर उकळत्या पाण्यात भिजवून पाच मिनिटे झाकून ठेवावे आणि मग तळहाताने रगडून मळावे. बरीचशी अडचण दूर होते. कडू पिठाला मात्र उपाय नाही; ते टाकून द्यावे.

भाकरी भाजायला चार-पाच मिनिटे पुरतात. गरम असताना ती मऊ असते, पण निवली की चिवट होते आणि अर्ध्या दिवसात कडक. दात नसलेल्या माणसाला ती द्यायची असेल, तर करपलेल्या कडा काढाव्यात. उरलेली भाकरी गरम असतानाच कुस्करून त्यावर आमटी किंवा दूध घालावे आणि दहा मिनिटे मुरू द्यावी. वर एक चमचा तूप घातले की घास सहज सरकतो.

अख्ख्या बाजरीचा भात मात्र वृद्धांसाठी करू नये. रात्रभर भिजवून कुकरमध्ये अर्धा तास शिजवली, तरी तिचे साल रबरासारखे राहते. ती चावली गेली नाही, तर दाणे जसेच्या तसे शौचावाटे बाहेर पडतात. म्हणजे पोट भरल्यासारखे वाटते, पण पोषण मिळत नाही. यावर जुनी रीत बाजरी कांडण्याची. एक वाटी बाजरीवर तीन-चार चमचे पाणी शिंपडून ती वीस मिनिटे झाकून ठेवावी, म्हणजे साल ओले होऊन सुटते. मग मिक्सरमध्ये दोन-दोन सेकंद, थांबून थांबून फिरवावी, ती दाणा फुटेल इतपतच. पीठ होऊ देऊ नये. सुपाने पाखडून किंवा पाण्यात धुऊन वर आलेला कोंडा काढावा. या भरड्यात अर्धी वाटी मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हळद आणि मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या द्याव्यात. त्यानंतर दहा मिनिटे मंद आच ठेवावी आणि कुकर आपोआप निवू द्यावा. भिजवण्यापासून ताटात येईपर्यंत सव्वा तास लागतो. कोंड्याबरोबर थोडे तंतू आणि क्षार जातात हे खरे. पण जे अन्न खाल्ले आणि पचवले जाते, त्यातूनच पोषण मिळणार.

नाचणी : पिठाच्याच रूपात

नाचणीचा दाणा मोहरीएवढा, लालसर. तिचे साल आतल्या मऊ गराला इतके घट्ट चिकटलेले असते, की तांदळासारखी ती सहज सडता येत नाही. सडायला गेले तर दाण्याचाच चुरा होतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती सालासकट दळली गेली आणि पेज, आंबील, भाकरी या रूपांत खाल्ली गेली. अख्खी नाचणी कितीही शिजवली, तरी ती तोंडात वाळूसारखी कचकचते.

नाचणीतले कॅल्शियम प्रसिद्ध आहे : शंभर ग्रॅम धान्यात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, म्हणजे तांदूळ किंवा गव्हाच्या कितीतरी पट. पण त्याचा मोठा वाटा सालात असतो, हे ध्यानात घेतले की एक गोष्ट स्पष्ट होते. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेले जे सत्त्व आपण वाळवतो, ते जिभेला रेशमासारखे मऊ लागते, पण गाळताना चोथ्याबरोबर तंतू आणि बरेचसे कॅल्शियम निघून जाते. आजारातून उठलेल्या, काहीच न पचणाऱ्या माणसाला चार दिवस सत्त्व द्यावे, ते योग्यच. हाडांसाठी म्हणून रोज द्यायची असेल, तर सालासकट दळलेले, बारीक चाळणीचे पीठच घ्यावे. नाचणीला मोड आणून, वाळवून, हलकी भाजून दळली, तर ती अधिक पचनसुलभ होते आणि तिच्यातले क्षार अधिक शोषले जातात. त्यासाठी धान्य बारा तास भिजवावे, मग ओल्या फडक्यात एक ते दीड दिवस बांधून ठेवावे. मोडाच्या पिठाची पेज साध्या पिठापेक्षा पातळ होते. म्हणून तेवढ्याच दाटपणाला थोडे अधिक पीठ घालता येते. मंद भूक असलेल्यांना याचा लाभ होतो.

पेज करताना दोन मोठे चमचे पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवावे, मग दीड वाटी उकळत्या पाण्यात एका हाताने ओतीत दुसऱ्या हाताने ढवळावे. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले, तर गाठी होतात : बाहेरून शिजलेल्या, आतून कोरड्या. मंद आचेवर सात-आठ मिनिटे लागतात. रंग गडद होऊन पेजेवर चकाकी आली आणि कच्च्या पिठाचा वास गेला, की ती शिजली. गार होताना ती दाट होत जाते. म्हणून हवी त्याहून थोडी पातळ असतानाच उतरवावी.

शिजल्यानंतरचे चार तास

आता एक नेहमीची परिस्थिती घेऊ. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा आहेत. वरखाली कवळी, मधुमेह. सून नऊ वाजता कामावर जाते आणि आजोबा एक वाजता जेवतात. सकाळी नऊला चाखून पाहिलेले अन्न आणि एकला ताटात पडणारे अन्न एकच राहत नाही. शिजताना फुगलेला पिष्टमय भाग गार होताना पुन्हा आवळतो आणि पाणी सोडतो. राळे कोरडे व टणक होते, भाकरी चिवट होते, पेजेची वडी पडते. सकाळी जीभ-टाळूची कसोटी उत्तीर्ण झालेले अन्न दुपारी नापास होते, आणि देखभाल करणाऱ्या व्यक्तीला ते कळतही नाही.

या घरात सोमवारी राळे करायचे, तर चार वाट्या पाण्यात मऊ शिजवून, घोटून, वाफ जिरण्याआधीच आधी गरम पाण्याने तापवून घेतलेल्या उष्णतारोधक डब्यात भरावे. वाढण्याआधी दोन-तीन चमचे गरम पाणी किंवा पातळ वरण घालून कालवावे. ताक किंवा दही हवे असल्यास जेवताना घालावे. बुधवारी बाजरीची पाळी असेल, तर भाकरी टाळून भरड्याची खिचडी करावी. ती घट्ट झाली, तरी अर्धी वाटी उकळते पाणी घालून ढवळली की पूर्ववत होते. भाकरी सुट्टीच्या दिवशी, तव्यावरून थेट ताटात. शुक्रवारी नाचणी. पण मधुमेह असलेल्या आजोबांना बारीक पिठाची पातळ पेज एवढेच जेवण नको, कारण ती झटपट पचते आणि रक्तातली साखर भरभर वाढवू शकते. त्यांना नाचणीच्या उकडीची पातळ भाकरी सकाळी न्याहारीला, सर्वांसमोर गरम असताना द्यावी, सोबत भाजी आणि वाटीभर ताक. एक वाटी पाणी उकळून त्यात मीठ आणि एक वाटी पीठ घालावे, पाच मिनिटे झाकावे, मग मळून थापावे. ही भाकरी बाजरीच्या भाकरीपेक्षा अधिक काळ लवचिक राहते. कोणते रूप कितपत मानवते, हे ठरवण्यासाठी घरच्या यंत्रावर जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहून वहीत नोंद ठेवावी. तीन आठवड्यांच्या नोंदी डॉक्टरांना दाखवल्या, की पुढचे ठरवणे सोपे जाते.

उन्हाळ्यात शिजलेले धान्य कोमट अवस्थेत तासन्‌तास ठेवू नये. एक तर डब्यात ते वाफाळते राहिले पाहिजे, नाहीतर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊन, खाण्यापूर्वी पुन्हा पूर्ण वाफ येईपर्यंत तापले पाहिजे.

तिन्ही धान्ये एकत्र असलेली पाकिटे मिळतात, त्यांची अडचण आता वाचकांच्या लक्षात आली असेल. राळे शिजते तेव्हा बाजरी कच्ची असते आणि बाजरी शिजेपर्यंत राळ्याचा गाळ होतो. नाचणी तर कचकचतच राहते. असे पाकीट घरात आलेच असेल, तर ते दळून आणून थालीपिठाला वापरावे.

काही मर्यादा

पक्षाघातानंतर किंवा कंपवातामुळे ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना पातळ पाण्यात तरंगणारे दाणे सर्वांत धोक्याचे. पाणी आधी घशात उतरते आणि दाणे मागे राहतात. त्यांच्यासाठी नाचणीची एकजीव, चमचा तिरपा केल्यावर गोळ्याने घसरेल इतपत दाट पेज अधिक सोयीची असते. पण नेमका दाटपणा डॉक्टरांनी किंवा गिळण्याच्या तज्ज्ञांनी ठरवून द्यावा लागतो.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी घ्यावी आणि नाचणी लगेच खाऊ नये, कारण कॅल्शियममुळे औषध कमी शोषले जाते. किती अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांना विचारावे. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी बाजरी हे रोजचे एकमेव धान्य करू नये. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असेल, तर नाचणी सुरू करण्याआधी सल्ला घ्यावा.

या धान्यांत तंतू अधिक असल्याने सुरुवात आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या वाटीने करावी आणि एका वेळी एकच नवे धान्य आणावे. पोट फुगले किंवा शौचाला कडक झाले, तर कोणत्या धान्याने, हे मग लगेच कळते. सोबत पाणीही वाढवावे. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून दिले जाते, त्यांच्याबाबत मात्र तंतूच जपून वाढवावेत. आणि जेवणानंतर ताटाकडे जरूर पाहावे. कडेला सारलेले दाणे, अर्धवट चावून ठेवलेला भाकरीचा तुकडा, तळाशी राहिलेली पेज यांवरून कोणते धान्य कसे शिजायला हवे होते, हे आजोबांना न विचारताही समजते.